प्रोसेसर डुप्लिकेट नाही, भो. रॅमची एकच कांडी आहे.

"सेम प्रोसेसर, सेम रॅम, सेम एसएसडी, तरी मित्रापेक्षा एफपीएस कमी? म्हणजे दुकानदाराने डुप्लिकेट प्रोसेसर मारला. स्पेसिफिकेशन सेम तर एफपीएस सेमच पाहिजे. वरून आपल्या खान्देशातलं ऊन! कॅबिनेटचं झाकण काढा, समोर पाण्याचा कूलर लावा, व्हर्च्युअल मेमरी 32 जीबी करा. 30 एफपीएस फुकट वाढतील. सर्व ग्रुपवर पाठवा."

हे आमच्या घरच्या ग्रुपवर आलं तेव्हा मी दुर्लक्ष केलं. दोन दिवसांनी अमळनेरहून ताईचा फोन आला, "भाऊ, हा पोरगा आजीच्या खोलीतला कूलर ओढून कंप्युटरसमोर घेऊन बसलाय आणि दुकानात भांडायला जायचं म्हणतो." मग मात्र जावं लागलं.

आधी कूलरचं बोलतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फक्त वेळ वाया जातो, याने मशीन जातं. पाण्याचा कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी मिसळून. आपल्या कोरड्या मे महिन्यात तो माणसाला म्हणूनच सुखाचा वाटतो. पण त्याच्या तोंडासमोर बसलं की अंगावर बारीक तुषार येतात, ते उघड्या मदरबोर्डावरही येणारच. त्यात आपलं बोअरचं पाणी. कूलरच्या गवतावर महिन्याभरात पांढरा क्षार बसतो तो सगळ्यांनी पाहिलाय. तोच क्षार बोर्डावरच्या सोल्डरच्या टाक्यांवर धुळीसोबत बसला आणि ओल धरली, की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

अर्धं खरं मान्य करतो: उष्णतेने एफपीएस, म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा, पडतो. प्रोसेसर ठरलेल्या तापमानाला पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. भाच्याकडे रायझन 5 5600जी आहे, त्याची कंपनीने दिलेली मर्यादा 95 अंश. पण तापलेल्या मशीनची खूण वेगळी असते. ते सुरुवातीला चांगलं चालतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी ढेपाळतं. भाच्याचा एफपीएस पहिल्या मिनिटापासूनच कमी होता. तरी मोजलं. झाकण लावून, कूलर बंद करून जीटीए फाइव्हचा आतला बेंचमार्क लावला: 74 अंश, सरासरी 43 एफपीएस. झाकण काढून, कूलर लावून: 66 अंश, सरासरी 43. आठ अंश उतरले, एफपीएस तिथेच. कूलर आजीच्या खोलीत परत गेला.

आता डुप्लिकेट प्रोसेसर. गल्लीतल्या मित्राकडेही हाच 5600जी, 16 जीबी रॅम आणि त्याच क्षमतेची एसएसडी. दोघांकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळतात. त्याला मशीन घेऊन बोलावलं. तोच बेंचमार्क, तेच 1080पी, त्याच नॉर्मल सेटिंग, व्ही-सिंक दोन्हीकडे बंद. पहिली फेरी दोन्हीकडे सोडून दिली, कारण तेव्हा गेम फायली लोड करत असतो. त्याचा आकडा आला 72.

दोन्ही कॅबिनेट उघडल्यावर फरक डोळ्यांनीच दिसला. मित्राकडे 8-8 जीबीच्या दोन कांड्या, भाच्याकडे 16 ची एक आणि शेजारचा स्लॉट रिकामा. दोन्ही बिलांवर "16 जीबी डीडीआर4 3200" असंच लिहिलेलं, आणि दोन्ही बिलं खरी आहेत.

मशीन बंद करून, वायर काढून रॅमची अदलाबदल केली. मित्राच्या दोन कांड्या भाच्याच्या बोर्डात घातल्या, बायोसमध्ये XMP, म्हणजे रॅमचा बिलावरचा पूर्ण वेग, चालू केलं: 71. भाच्याची एक कांडी मित्राच्या मशीनमध्ये: 43. म्हणजे एफपीएस रॅमच्या मागे मागे गेला, प्रोसेसर जागचा हललाही नव्हता. डुप्लिकेट प्रोसेसरचा प्रश्न इथेच मिटतो. एकाच मॉडेलच्या दोन चिप्समध्ये थोडाफार फरक असतोच, तो असा एखाद्या एफपीएसचा, 71 आणि 72 सारखा. 43 आणि 72 एवढा नसतो.

हे का होतं ते एएमडीच्या स्वतःच्या पानावर आहे. 5600जी च्या माहितीत मेमरी चॅनल 2 आणि वेग 3200 पर्यंत असं दिलंय. चॅनल म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचा रस्ता. एक रस्ता एका वेळी 64 बिट, म्हणजे 8 बाइट नेतो. मित्राकडे दोन रस्ते चालू, वेग 3200. 3200 दशलक्ष गुणिले 8 गुणिले 2, म्हणजे सेकंदाला 51.2 जीबी. भाच्याकडे एकच रस्ता, आणि तोही 2400 वर, कारण त्याच्या कांडीचा 3200 हा वेग XMP मध्ये नोंदलेला आहे. बायोसमध्ये ते कोणी चालू केलंच नव्हतं. हिशेब 19.2 जीबी. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. इथे ग्राफिक्स आणि प्रोसेसर दोघं याच रॅमवर जेवतात, त्यामुळे चित्र काढणारा भाग माल येण्याची वाट बघत बसतो. क्षमता दोघांची 16 जीबीच. गोदाम तेवढंच, फक्त एकाला दोन दरवाजे आणि एकाला एक, तोही अर्धवट उघडा.

स्वतःचं तपासायचं तर CPU-Z हे सॉफ्टवेअर उघडा, Memory टॅबवर जा. Channel # समोर भाच्याकडे 1 x 64-bit होतं, मित्राकडे 2 x 64-bit. खाली DRAM Frequency 1200 च्या आसपास दिसली तर घाबरू नका, ती दुप्पट करून वाचायची: 2400. पहिल्याच टॅबवर प्रोसेसरचं नावही दिसतं, डुप्लिकेटची शंका असेल त्यांनी तिथेच बघावं.

व्हर्च्युअल मेमरीचं एका वाक्यात: ती एसएसडीवरची जागा आहे, रॅमहून कितीतरी मंद, आणि भाच्याची 16 जीबी भरतच नव्हती, तर वाढवून मिळणार काय?

ज्यांच्याकडे वेगळं कार्ड आहे त्यांना रॅमचा फरक इतका मोठा दिसणार नाही. बऱ्याचदा सरासरी थोडी घटते आणि मधूनमधून झटके बसतात. पण तिथे कार्डाचं नाव नीट वाचा. जीटी 1030 या एकाच नावाने दोन कार्डं विकली गेली. जीडीडीआर5 वाल्याची मेमरी सेकंदाला 48 जीबी देते, नंतर आलेल्या डीडीआर4 वाल्याची साधारण 17. स्पेसिफिकेशनच्या कागदावर दोन्हीकडे "जीटी 1030, 2 जीबी".

दुकानदार अगदीच धुतल्या तांदळासारखा नाही. एक कांडी का लावली म्हणून फोनवर विचारलं तर म्हणाला, "पुढे वाढवता येते ना." ते खरं, पण आज अर्ध्या रुंदीवर चालणार हे त्याने पोराला सांगायला हवं होतं. फसवणूक मात्र नाही. फक्त XMP चालू करून भाच्याच्याच कांडीवर आकडा 43 वरून 51 झाला, एक रुपया न लावता. दुसरी तशीच 16 ची कांडी मागवली आहे. ती बसवल्यावर बोर्ड वेग पुन्हा 2400 वर आणू शकतो, म्हणून CPU-Z चे ते दोन्ही आकडे त्याला वहीत लिहून दिले आणि कॅबिनेटचं झाकण चारही स्क्रूंसकट लावून आलो.