‘भावाला पत्र’ वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

*“ताई, अकाउंट्स भावनांवर पास होत नाही. टॅली न झालेली बॅलन्स शीट सोडून पुढे जा, हा सल्ला मुलाला दुसऱ्यांदा नापास करेल. आणि पत्र फारच लांब आहे.”*

तुमचा सूर मला लागला, खोटं कशाला बोलू. ते पत्र मी अकाउंट्समध्ये एकदा नापास झालेल्या सख्ख्या भावाला लिहिलंय, रात्री दीड वाजले तरी त्याच्या खोलीतला दिवा विझत नव्हता तेव्हा. तुम्ही त्या घरात नव्हता.

आणि नुसतं ‘सोडून दे’ असं मी म्हटलेलंच नाही. पाच मिनिटं शोध, मग पुढे जा, असं म्हटलंय, आणि त्या पाच मिनिटांत काय करायचं तेही लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. सगळ्या बेरजा परत मारत बसायचं नाही, आधी फरकाचा आकडा बघायचा. सरावाच्या एका गणितात त्याच्या लायबिलिटीज २,४०० ने जास्त आल्या. २,४०० प्रश्नात कुठेच नव्हते, असते तर एखाद्या अ‍ॅडजस्टमेंटचा एकच इफेक्ट दिलाय असं धरलं असतं. मग निम्मे केले, १,२००, आणि प्रीपेड इन्शुरन्स नेमका १,२०० होता! प्रॉफिट अँड लॉसमध्ये त्याने तो बरोबर वजा केलेला, पण बॅलन्स शीटला अ‍ॅसेट्सऐवजी लायबिलिटीजला मांडला, म्हणजे इकडे १,२०० कमी, तिकडे १,२०० जास्त, म्हणून फरक दुप्पट. निम्म्यानेही काही लागलं नाही तर ९ ने भाग जातो का बघायचं, ५,४०० चे ४,५०० लिहिले की ९०० चा फरक पडतो. भाग गेला म्हणजे हीच चूक असं नाही, पण कुठे बघायचं ते कळतं. तेही नाही तर पुढचा प्रश्न.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. बारावीला याच पेपरात मी नापास झाले होते. पस्तीस मिनिटं एका फरकामागे गेली आणि पार्टनरशिपचा आठ मार्कांचा प्रश्न कोरा राहिला, येत असलेला. आज नऊ वर्षं म्हापशाला लोकांची खाती लिहितेय, तुम्ही किती पेपर दिलेत मला ठाऊक नाही. शिवाय टॅली झाली म्हणजे बरोबर आली असंही नसतं हो, मशीनच्या दुरुस्तीचा खर्च चुकून मशीनच्या किमतीत मिळवला तरी दोन्ही बाजू गुपचूप जुळतात.

एक मात्र मान्य. प्रीपेड ट्रायल बॅलन्सच्या आतच दिलेला असेल तर तो फक्त अ‍ॅसेट्सला जातो, प्रॉफिट अँड लॉसमधून परत वजा करायचा नाही, हे पत्रात राहून गेलं. आज वाढवते.

पत्र लांब आहे, असू दे. काल तो घड्याळ लावून बसला होता, ४५० चा फरक आला. बेरजा परत मारल्या नाहीत त्याने, आधी ९ ने भागून बघितलं.