कांदा लाल दिसला म्हणजे झाला?

"कांदा जितका लाल, तितकी रश्श्याला चव. गॅस मोठा ठेवा, चिमूटभर खायचा सोडा टाका, पाच मिनिटांत काम होतं. रंग आला की मसाला घाला."

हा सल्ला बऱ्याचदा कानावर येतो. त्यातलं आधी मोठ्या गॅसचं बघू. कांद्यात जवळजवळ 90 टक्के पाणी. ते उडेपर्यंत फोड 100 अंशांच्या फारशी वर तापत नाही आणि लाली चढते ती त्यानंतर. मोठ्या आचेवर कडा तेवढ्या सुकून तपकिरी होतात, मधला भाग ओलाच राहतो. वरून बघावं तर कढई लाल. एक फोड कालथ्याने कढईला दाबून बघा: कचकन तुटली तर आत कच्ची आहे. असा कांदा वाटला की कडांचा कडवटपणा आणि आतला उग्र वास, दोन्ही वाटणात उतरतात. मग कितीही उकळा.

मटणाच्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला 250 ग्रॅम कांदा एकसारखा पातळ चिरा, 3 मोठे चमचे तेल घ्या, आच मध्यम. पाचेक मिनिटांत फोडी काचेसारख्या होतात. झोंबरा वास उडालेला असतो, गोडी जाणवू लागते. दहा-बारा मिनिटांनी चुरचुर कमी होते, म्हणजे पाणी सरलं. इथून रंग भराभर बदलतो, हात थांबवायचा नाही. सोनेरी कांद्यात गोडी भरपूर, भाजका वास नुकता आलेला. वीसेक मिनिटांनी बदामी-तपकिरी झाला की गोडी थोडी उतरते आणि रश्श्याला हवा तो खमंगपणा येतो. तळाला डाग धरू लागले तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्या, चव त्यातही असते. ते डाग काळे पडले असतील तर मात्र खरवडू नका.

त्यापुढे काळपट होऊ दिला की कडूपणाच वाढतो. "जितका लाल तितकी चव" तिथेच संपतं. आणि कांदेपोह्यांना तर काचेसारखा कांदाच हवा. लाल केलात की पोह्यांची गोडसर, ओलसर चव जाते.

सोड्याने रंग लवकर येतो, हे खरं. पण तोच सोडा फोडींना बांधून ठेवणारं पेक्टिनही विरघळवतो, म्हणून कांद्याचा लगदा होतो, आणि चिमूट जरा मोठी झाली की साबणासारखी चव लागते. बिर्याणीच्या कुरकुरीत कांद्याला तर तो नकोच. तो कांदा मात्र हव्या त्या रंगाच्या एक छटा आधी तेलातून काढून कागदावर पसरावा, कारण बाहेर आल्यावरही तो गडद होत राहतो.

हळद-तिखट आधीच घातलं असेल, तर रंगावरून काहीच कळत नाही. तेव्हा नाक आणि कालथा.