घरगुती व्हीएफडी: दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा

थ्री फेज मोटरचा स्पीड बदलणारा व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, घरी बनवणाऱ्यांकडून असा दावा ऐकू येतो:

"थ्री फेज मोटरचा स्पीड फ्रिक्वेन्सीवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. म्हणून व्होल्टेज पूर्ण ठेवायचं आणि फक्त फ्रिक्वेन्सी बदलायची, कमी स्पीडलाही टॉर्क पूर्ण मिळतो. मोटरचं स्टार कनेक्शन बदलायचीही गरज नाही. आर्डुइनो, सहा मॉस्फेट आणि ब्रिज रेक्टिफायर एवढ्यात अर्ध्या एचपीची मोटर घरच्या लाइनवर चालते. आम्ही २५ हर्ट्झवर चालवली, गरमसुद्धा झाली नाही."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण खरी गल्लत तिथे आहे. मोटर गार राहिली असेल, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. ती का गार राहिली, ते आकडे मांडल्यावर दिसतं.

एक नेहमीची मोटर घेऊ: ०.३७ किलोवॅट, चार पोल, ५० हर्ट्झ, नेमप्लेटवर स्टारमध्ये ४१५ व्होल्ट आणि १.१ अँपिअर. म्हणजे तिला दर हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट हवेत. घरची २३० व्होल्टची लाइन रेक्टिफायरमधून गेली की कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी साठतं. साध्या साइन पीडब्ल्यूएमनं त्यातून दोन फेजांमध्ये जास्तीत जास्त ०.६१२ पट, म्हणजे १९९ व्होल्ट निघतात. आता १९९ ला ८.३ नं भागा. उत्तर २४ हर्ट्झ येतं. ज्याला 'पूर्ण व्होल्टेज' म्हटलं आहे, ते २५ हर्ट्झला लागणारं योग्य व्होल्टेजच होतं. व्ही बाय एफचं, म्हणजे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर नकळत पाळलं गेलं, म्हणून मोटर गार राहिली. व्होल्टेज न बदलणं आणि स्टार तसंच ठेवणं, या दोन चुकांनी एकमेकींना झाकलं.

याच जोडणीत फ्रिक्वेन्सी ५० वर नेली की ४१५ च्या जागी १९९ व्होल्टच मिळतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो २३ टक्क्यांवर येतो. मोटरचा कमाल टॉर्क नेहमीच्या लोडच्या अडीच पट धरला, तरी हाती जेमतेम निम्म्या लोडपुरता टॉर्क उरतो. रिकामी मोटर छान फिरते. ड्रिलचा बिट लोखंडात घातला की ती बसते आणि रोटर तापायला लागतो. उलट फ्रिक्वेन्सी १२ वर आणली, तर गाभ्यात दुप्पट चुंबकीय फ्लक्स घुसवायचा प्रयत्न होतो. २५ हर्ट्झच्या एका चाचणीत या दोन्ही बाजू दिसत नाहीत.

खरा धोका पुढच्या पायरीला आहे. कुणीतरी सांगतं, "डेल्टा कर, ताकद येईल." सल्ला बरोबर आहे. पण डेल्टात या मोटरला २४० व्होल्ट, म्हणजे दर हर्ट्झला फक्त ४.८ व्होल्ट लागतात. कोड जुनाच ठेवला, तर २५ हर्ट्झला १२० च्या जागी १९९ व्होल्ट जातात, म्हणजे फ्लक्सची मागणी १.६६ पट होते. मोटरचा गाभा मुळातच संपृक्ततेच्या उंबरठ्यापर्यंत वापरलेला असतो. त्यापुढे फ्लक्स फारसा वाढत नाही, करंट मात्र भसकन वाढतो, कारण त्याला अडवायला वाइंडिंगचा रेझिस्टन्सच उरतो. टॉर्क त्या प्रमाणात वाढत नाही, तांबं तेवढं तापतं. ओळखायची खूण सोपी आहे: लोड नसताना मोटर जाड आवाजात भणभणते, रिकामी असूनही नेमप्लेटपेक्षा जास्त करंट घेते आणि काही मिनिटांत अंगाला हात लावता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डेल्टा, त्याच बैठकीत व्ही बाय एफ, आणि मगच लोड. टर्मिनल बॉक्समध्ये स्टारला एका रांगेतली तीन टोकं पट्टीनं जोडलेली असतात. ती पट्टी काढून U1-W2, V1-U2, W1-V2 अशा तीन पट्ट्या उभ्या लावल्या की डेल्टा होतं. नेमप्लेट नीट वाचा. ४१५ व्होल्ट 'डेल्टात' लिहिलं असेल, तर ती मोटर या कामाची नाही. बाहेर तीनच वायर असतील, तर स्टारचा सांधा वाइंडिंगमध्ये बांधलेला आहे. तो सोडवून सहा टोकं बाहेर काढणं हे रिवाइंडिंगवाल्याचं काम.

व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात ठेवलं, तरी खालच्या टोकाला अडतं. या आकाराच्या मोटरचा रेझिस्टन्स दर फेजला २५ ओहमच्या आसपास असू शकतो. पट्ट्या काढून मीटरनं तो मोजाच. रिकाम्या मोटरचा करंट दर फेजला ०.७ अँपिअर धरला, तर १७.५ व्होल्ट नुसत्या रेझिस्टन्समध्ये जातात. ५ हर्ट्झला सूत्राप्रमाणे द्यायचे असतात २४ व्होल्ट! फ्लक्ससाठी फारसं काही उरत नाही आणि मोटर जागेवरच थरथरते. म्हणून शून्य हर्ट्झला १८ व्होल्टचा बूस्ट द्यायचा आणि तिथून ५० हर्ट्झच्या २४० व्होल्टपर्यंत सरळ रेष काढायची. ५ हर्ट्झला ४० आणि २५ हर्ट्झला १२९ व्होल्ट येतात. बूस्ट हवा तसा वाढवू नका. जास्त बूस्ट म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला तीच संपृक्तता.

कमी स्पीडच्या टॉर्कबद्दल आणखी एक मर्यादा आहे. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. १५ हर्ट्झला तो जेमतेम हवा हलवतो. त्या स्पीडला पूर्ण टॉर्क थोडा वेळ मिळेल, पण तासभर हवा असेल तर बाहेरून वेगळा पंखा लावावा लागेल.

साइनमध्ये एक षष्ठांश तिसरा हार्मोनिक मिसळला, तर त्याच ३२५ व्होल्टमधून १९९ ऐवजी २३० व्होल्ट मिळतात. तिन्ही फेजांत तो सारखाच असल्यामुळे दोन फेजांमध्ये वजा होऊन जातो, मोटरला दिसत नाही. त्यामुळे डेल्टातली आपली मोटर सुमारे ४८ हर्ट्झपर्यंत योग्य फ्लक्सवर चालते. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर, ७२ मेगाहर्ट्झ क्लॉक आणि ८ किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम धरून, कोडचा गाभा एवढाच आहे:

```c
// TIM1: center-aligned, ARR = 4500, RCR = 1
// tab[256] = sin(x) + sin(3x)/6
float v = 18.0f + 222.0f * f / 50.0f;
float m = 1.414f * v / vbus;
if (m > 1.0f) m = 1.0f;
float g = 2598.0f * m;
acc += (uint32_t)(f * 536870.9f);
TIM1->CCR1 = 2250 + g * tab[acc >> 24];
TIM1->CCR2 = 2250 + g * tab[(acc + 0xAAAAAAAA) >> 24];
TIM1->CCR3 = 2250 + g * tab[(acc + 0x55555555) >> 24];
```

यात दोन जागा जपायच्या. `vbus` हा आकडा लिहून टाकू नका, कपॅसिटरवरचं व्होल्टेज प्रत्यक्ष मोजून घ्या. लाइन संध्याकाळी २०० वर येते, रात्री २५० वर जाते, आणि गुणोत्तर त्यासोबत हलतं. दुसरी जागा `RCR`. तो शून्य राहिला, तर सेंटर-अलाइन्ड टायमर एका पीडब्ल्यूएम चक्रात दोनदा इंटरप्ट देतो आणि कोणी २५ मागितले तर ५० हर्ट्झ जातात, तेही २५ हर्ट्झच्या व्होल्टेजवर. मोटर जोरात फिरते पण लोड घेत नाही, आणि माणूस दिवसभर बूस्टमध्ये चूक शोधत बसतो.

आता आर्डुइनो आणि सहा मॉस्फेट. एटीमेगा ३२८ मध्ये तीन टायमर आणि सहा आउटपुट आहेत, त्यामुळे जमत नाही असं नाही. पण त्यात हार्डवेअरचा डेड टाइम नाही. वरचा स्विच बंद करून, `delayMicroseconds` देऊन खालचा चालू करायचा, असं लिहिलं, तर मध्ये येणारा प्रत्येक इंटरप्ट वेळा हलवतो. वरचा आणि खालचा स्विच एकत्र चालू राहिले, तर कपॅसिटरमधला साठा थेट त्या दोघांतून जातो. फ्यूज उडायच्या आत ते फुटलेले असतात. एसटीएम३२च्या टीआयएम१ टायमरमध्ये जोडीची आउटपुट आणि डेड टाइम सिलिकॉनमध्येच आहेत: `BDTR` मधल्या `DTG` मध्ये १०८ लिहिलं की १.५ मायक्रोसेकंद मिळतात. ओव्हरकरंटची खूण ब्रेक पिनला दिली, तर कोड अडकला तरी आउटपुट बंद होतात. या डेड टाइमची किंमत दर फेजला सुमारे ४ व्होल्ट आहे, तीही ५ हर्ट्झच्या ४० व्होल्टमधून जाते. बूस्ट थोडा कमी पडल्यासारखा वाटतो, त्याचं हे एक कारण.

स्विचसाठी गेट ड्रायव्हर आतच असलेलं, ६०० व्होल्ट, १० अँपिअरचं आयजीबीटी मॉड्यूल घ्या. ५०० व्होल्टच्या सुट्या मॉस्फेटला, लाइन २६४ वर गेली तर ३७३ व्होल्टच्या बसवर फारसा वाव उरत नाही, आणि त्यांचा बॉडी डायोड सुस्त असल्यामुळे प्रत्येक स्विचिंगला ते तापतात. मायक्रोकंट्रोलर रीसेट होताना त्याच्या पिन मोकळ्या सुटतात. म्हणून प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर स्विच बंद राहील त्या बाजूला लावा. काही मॉड्यूलचे इनपुट उलट्या लॉजिकचे असतात, तेव्हा आधी डेटाशीट पाहा. सुरुवातीला काही मिलिसेकंद खालचे तिन्ही स्विच चालू ठेवावे लागतात, नाहीतर वरच्या ड्रायव्हरचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर भरत नाही.

बसवर ४७० मायक्रोफॅराड, ४५० व्होल्टचा कपॅसिटर आणि त्याला समांतर ४७ किलोओहम, २ वॅटचे दोन रेझिस्टर सीरीजमध्ये. लाइन काढल्यावर ५० व्होल्टच्या खाली यायला सुमारे दीड मिनिट लागतं, तोवर हात घालू नका. सर्किटचा ग्राउंड लाइनला जोडलेला असतो. लॅपटॉपची यूएसबी किंवा स्कोपची क्लिप त्याला थेट लावली, तर ती उडेल, कदाचित तुम्हालाही झटका बसेल.

पहिली चाचणी ३० व्होल्ट डीसी सप्लायवर, मोटर न लावता करा. मग लाइनला १०० वॅटचा फिलामेंट बल्ब सीरीजमध्ये घालून. बल्ब एकदा चमकून मंद झाला, तर कपॅसिटर भरला. ढणढणत राहिला, तर ब्रिजमध्ये शॉर्ट आहे. मोटर लावल्यावर रिकाम्या मोटरचा करंट ५, १५, २५ आणि ४५ हर्ट्झला बघा. डेल्टात लाइन करंट फेजच्या १.७३ पट असतो, म्हणजे तो चारही ठिकाणी १.२ अँपिअरच्या जवळपास राहायला हवा. फक्त ५ हर्ट्झला वाढला, तर बूस्ट कमी करा. सगळीकडे वाढत गेला, तर रेषेचा उतार चुकला आहे. साधा क्लॅम्प मीटर ५ हर्ट्झला खोटा आकडा दाखवतो, म्हणून एसीएस७१२ सारखा हॉल सेन्सर घालून करंट मायक्रोकंट्रोलरमध्येच मोजलेला बरा.