थकलेल्या हप्त्याचा ‘सोपा हिशेब’ करणाऱ्या मेसेजला उत्तर

“कर्जदार सभासदांनो, हप्ता चुकला तर घाबरू नका, हिशेब सोपा आहे. १) थकलेले हप्ते किती? एकूण थकबाकीला हप्त्याने भागा. २) दंडव्याज शिल्लक कर्जावर, पहिला हप्ता चुकला त्या तारखेपासून आजपर्यंत. ३) थकलेलं व्याज आणि दंड मुद्दलात मिळवून नवीन हप्ते पाडून घ्या, खातं नियमित होतं. सर्व पतसंस्थांचा हिशेब असाच चालतो. पुढे पाठवा.”

हा मेसेज मला ताईने पाठवला. ती शिक्षिका आहे आणि तिचं कर्ज पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत आहे. सासूबाईंच्या आजारपणात ती तीन महिने बिनपगारी रजेवर होती, त्यामुळे तीन हप्ते कापले गेले नाहीत. संस्थेच्या कारकुनाने याच मेसेजवर बोट ठेवून तिला ४७९ रुपये दंडव्याज सांगितलं. मी वीस वर्षं सोसायट्यांच्या खतावण्या लिहितो आहे. तो आकडा ऐकूनच माझं डोकं फिरलं.

आधी तिचं खातं बघा. कर्ज १,२०,००० रुपये, ६० हप्ते, दरमहा २,००० रुपये मुद्दल आणि शिल्लक मुद्दलावर महिन्याला १ टक्का व्याज. बारा हप्ते वेळेवर गेले, शिल्लक राहिली ९६,०००. त्यानंतर २०२५ सालातले ५ एप्रिल, ५ मे आणि ५ जून हे तीन हप्ते चुकले. ५ जुलैला तिने चालू हप्त्यासकट सगळं भरायचं ठरवलं. तिच्या संस्थेच्या कर्जनियमात ‘थकलेल्या हप्त्याच्या मुद्दलावर द.सा.द.शे. २ टक्के जादा’ असं लिहिलं आहे.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे थेट येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच आहे. ‘शिल्लक कर्जावर दंड’ म्हणजे ९६,००० वर २ टक्क्यांनी ९१ दिवस. तिथूनच ते ४७९ आले. पण ९६,००० थकलेले नव्हतेच! त्यातले ९०,००० रुपये अजून देय व्हायचे होते. ज्या पैशांची तारीखच उजाडली नाही, त्यांना उशीर कसला? थकले होते ते २,०००, २,००० आणि २,०००, आणि तेही वेगवेगळ्या तारखांना. एप्रिलचा हप्ता ९१ दिवस, मेचा ६१ दिवस, जूनचा ३० दिवस. म्हणून दंडव्याज सभासदाच्या नावावर ठोक काढायचं नसतं. प्रत्येक हप्त्याची वेगळी ओळ लिहायची आणि शेवटी बेरीज करायची. एक्सेलमध्ये B मध्ये देय तारीख, C मध्ये थकलेलं मुद्दल, D मध्ये भरण्याची तारीख ठेवली की ओळीला एवढंच पुरतं:

```
=ROUND(C2*2%*(D2-B2)/365,2)
```

तिन्ही ओळींची बेरीज होते १९ रुपये ९४ पैसे, म्हणजे वीस रुपये. वीसच्या जागी ४७९! काही संस्थांच्या नियमात दंड पूर्ण हप्त्यावर, म्हणजे व्याजासकट, असतो. तसा धरला तरी आकडा तीस रुपयांच्या आतच राहतो. आपल्या संस्थेत कोणता धरायचा ते मंजुरीपत्र आणि कर्जनियम वाचून ठरवा, मेसेज वाचून नाही.

उशिराची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी वसूल होत असते, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. मुद्दल ९६,००० वरच अडकल्यामुळे चारही महिने व्याज ९६० लागलं. वेळापत्रकाप्रमाणे ते ९६०, ९४०, ९२०, ९०० लागलं असतं. म्हणजे १२० रुपये नेहमीच्या दरानेच जादा गेले. मुद्दल ८,०००, व्याज ३,८४० आणि दंड २० मिळून ताईने भरायचे ११,८६० रुपये. मूळ वेळापत्रकाने त्याच चार हप्त्यांचे ११,७२० झाले असते. फरक १४० रुपये. आपला तक्ता बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर हीच पडताळणी करा. हा फरक जादा व्याज आणि दंड यांच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळला पाहिजे.

पहिला मुद्दा लवकर उरकतो. थकबाकीला कोणत्या हप्त्याने भागणार? मुद्दल समान असलं की हप्ता दर महिन्याला उतरतो. ताईच्या मंजुरीपत्रावर पहिला हप्ता ३,२०० आहे. ३ जुलैची थकबाकी ८,८८० होती. भागून २.७७५ येतात. मग थकलेले दोन म्हणायचे की तीन? एखाद्याने मध्येच अर्धवट रक्कम भरली असेल तर गोंधळ आणखी वाढतो. समजा ताईच्या जागी कुणी २० मेला १,५०० भरले. ते सगळ्यात जुन्या, एप्रिलच्या हप्त्याला जातात. आधी ९६० व्याज फिटतं, मग ५४० मुद्दल. त्या ओळीवर २० मेपर्यंत २,००० वर आणि पुढे १,४६० वर दंड चालतो, आणि थकलेले हप्ते तीनच राहतात, त्यातला एक अंशतः. कर्जदाराने किंवा संस्थेने काही ठरवलं नसेल तर भरणा तारखेच्या क्रमाने जुन्या देण्याला लावायचा, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६१ मध्ये आहे.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. हप्त्यांची फेरआखणी करता येते. सभासदाचा अर्ज, संचालक मंडळाचा ठराव आणि नवीन तक्त्यावर सह्या झाल्या की ती नियमित आहे. पण दंड आणि थकलेलं व्याज मुद्दलात ढकलणं ही फेरआखणी नव्हे. २,८८० व्याज आणि ते ४७९ मिळून ३,३५९ रुपये मुद्दलात गेले, तर उरलेल्या ४५ हप्त्यांत फक्त त्यांच्यावर आणखी ७७३ रुपये व्याज बसतं. आणि जामीनदाराचं काय? त्याच करार अधिनियमाचं कलम १३३ सांगतं की जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. म्हणजे ‘खातं नियमित’ करण्याच्या नादात संस्था स्वतःच्या हाताने जामीन घालवून बसते. हे सचिवांनी तरी समजून घ्यायला हवं होतं.

याच मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं की रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंद केलं आहे, काहीच भरू नका. १८ ऑगस्ट २०२३ चं ते परिपत्रक बँकांसाठी काढलेलं होतं, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येतात, त्यांना ते लागू नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. पगारातून कपात झाली पण शाळेकडून संस्थेला पैसे आठ-दहा दिवस उशिरा पोहोचले, की सॉफ्टवेअर जमा तारीख धरून सभासदावर दंड टाकतं. ताईच्या मागच्या बारा हप्त्यांत असे दोन निघाले. पगारपत्रक आणि जमापावती शेजारी ठेवल्यावर कारकुनाला ते नाकारता आलं नाही. त्या दोन नोंदींचा दंड उलट नोंद करून तिच्या खात्यात परत जमा झाला आणि ४७९ च्या जागी २० लिहिले गेले. आता तिच्याच शाळेतले आणखी चौघे आपापली पासबुकं घेऊन येणार आहेत.