भोक कुठे आहे?

परवा डोंबिवलीला एका बारशाला गेले होते. पाळणा झाला, घुगऱ्या झाल्या, बाळाच्या कानात कुर्र करून आत्या मोकळी झाली आणि आहेराच्या टेबलावरची माझी चिमणी एका काकांच्या हाती लागली.

चिमणी म्हणजे मी क्रोशाने विणलेली, मुठीएवढी, गुबगुबीत. अमिगुरुमी म्हणतात त्यातली. काका कोणाचे कोण ते मला अजून कळलेलं नाही. मुलीकडचेही त्यांना काका म्हणत होते आणि मुलाकडचेही. नोकरी सगळी धरणांवर झालेली, गळती तपासण्यात. हे त्यांनीच सांगितलं, पहिल्या मिनिटात.

त्यांनी चिमणी उलटी केली. सुलटी केली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा उलटी केली.

"हे आत काय भरलंय?"

"फायबर. उशीत असतं ते."

"मग भोक कुठे आहे?"

"कसलं भोक?"

"अगं, भरलंय म्हणतेस ना? मग कुठून तरी भरलं असेल. शिवण नाही, चेन नाही, भोक नाही. मग हे आत गेलं कुठून?"

वास्तविक एखाद्या विणणारीला यापेक्षा मोठी दाद मिळणं शक्य नाही. अमिगुरुमीत दोनच जागा नाजूक असतात, जिथे सुरू होतं ती आणि जिथे संपतं ती. बाकी मधलं विणणं हात आपोआप करतात. मी खुशीत येऊन सांगायला बसले, तीच माझी चूक झाली.

"काका, डोक्यापासून सुरुवात केली. मॅजिक रिंग."

"मॅजिक!" ते शेजारच्यांकडे बघून म्हणाले.

जादूबिदू काही नसते त्यात. दोरा डाव्या हाताच्या बोटांवर फुलीसारखा गुंडाळायचा, क्रोशाची सुई खालच्या दोऱ्याखालून घालून वरचा ओढून घ्यायचा, एक साखळी घालायची. हातात एक सैल कडं राहतं. त्या कड्यात सहा सिंगल क्रोशे विणायचे आणि प्रत्येक टाक्यात कड्याचा दोरा आणि बाजूला लोंबणारं शेपूट असे दोन्ही धरायचे. मग शेपूट ओढलं की कडं आवळत जातं आणि मधली फट मिटते. एखादा टाका नुसत्या शेपटाभोवती पडला, तर तो कड्याबाहेर लटकत राहतो आणि फट मिटत नाही. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा टाके विणायचीही पद्धत आहे. ती सोपी आहे, पण मध्ये टाचणीएवढं छिद्र राहतंच आणि पुढे त्यातून पांढरं फायबर डोकावतं. मखमली लोकरीला मात्र मीही तेच करते, कारण रिंग ओढताना ती लोकर पटकन तुटते.

आणि रिंग मिटली म्हणून शेपूट लगेच कापायचं नसतं. सुती दोरा गुळगुळीत असतो, खेळता खेळता सरकतो. चांगलं वीतभर शेपूट ठेवून ते मोठ्या नाकाच्या सुईने आतून त्या सहा टाक्यांभोवती एकदा गोल फिरवायचं, मग उलट दिशेने थोडं परत आणायचं. बाळ चिमणीची मान धरून आपटणार, हे धरूनच चालावं लागतं. म्हणूनच डोळेही प्लास्टिकचे नाही लावले, दोऱ्यानेच भरले.

यातलं काका किती ऐकत होते कोण जाणे. ते गाडीच्या किल्लीने चिमणीचं बूड टोचत होते.

"इथे जरा मऊ लागतंय."

"तिथेच बंद केलंय. पण आता ते—"

"बंद केलंय म्हणजे भोक होतं!"

चिमणी पुढच्या खुर्चीवर गेली. तिथून मागच्या. जिलबी खाऊन न धुतलेल्या एका हाताने तिच्या पोटावरही शोध घेतला. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. बाळाची आजी म्हणाली, "चोचीतून भरलं असेल." त्यावर काकांनी खरोखर चोच पाहिली. चोच वेगळी विणून नंतर शिवलेली, तीन टाक्यांची. तिच्यातून उशी भरायची!

आता सांगते, भोक कुठे जातं. टाके सहा-सहाने वाढवत छत्तीसपर्यंत न्यायचे, काही फेऱ्या सरळ विणायच्या, मग तसेच सहा-सहाने कमी करत यायचं. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोऱ्याच्या दोन पाकळ्या दिसतात. कमी करताना दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या पाकळ्या सुईवर घेऊन एकत्र विणायच्या, म्हणजे तिथे गाठीसारखं दिसत नाही. बारा टाक्यांवर आलं की बहुतेक भरण संपवायचं, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चिमूट चिमूट कोपऱ्यात सारत. शेवटी सहा टाके उरतात. इथे कित्येकजणी घाई करतात आणि आठ-नऊ टाक्यांवरच दोरा ओढतात. मग कितीही ओढा, मध्ये खळगा राहतोच.

सहावरच थांबायचं. दोरा वीतभर ठेवून कापायचा, शेवटच्या टाक्यातून पूर्ण बाहेर काढायचा आणि मोठ्या नाकाच्या सुईत ओवायचा. मग त्या सहा टाक्यांच्या फक्त पुढच्या पाकळीतून, मधल्या भोकाकडून बाहेरच्या बाजूला, सुई एकेकदा काढायची. दोन्ही पाकळ्या घेतल्या तर काठ जाड होऊन वर येतो, एक टाका सुटला तर तेवढ्याच जागी खाच दिसते. सगळे सहा झाले की दोरा हळूहळू ओढायचा, बटव्याची नाडी ओढावी तसा. हिसका दिला की दोरा तुटतो आणि मग रडायचं. मिटलं की सुई मधोमध खुपसून कुशीतून बाहेर काढायची, दोरा जरा ताणायचा म्हणजे मिटलेली जागा आत दबते. पुन्हा एकदा आरपार न्यायची आणि दोरा अंगालगत कापायचा. टोक आत गडप.

एवढं सगळं मी काकांना सांगितलं. तिथल्या तिथे, पेपर नॅपकिनवर चित्र काढून. त्यांनी नॅपकिन नीट पाहिला आणि त्यालाच हात पुसला.

"मशीनचं आहे," ते सभेला उद्देशून म्हणाले. "माणसाच्या हाताला इतकी सफाई येत नाही. रस्त्यावर दीडशेला मिळतं असलं."

सभेनेही मान डोलावली! दीडशे म्हटल्यावर प्रकरण मिटलंच. म्हणजे भोक राहिलं असतं तर घरचं आणि हौशी, नाही राहिलं तर बाजारचं. बाजारातलं तरी मशीनचं कुठे असतं? गिरणीतल्या मशीनवर विणकाम होतं, पण असा फिरता गोल क्रोशे कुणाच्या तरी हातांनीच विणावा लागतो. दीडशेला मिळत असेल, तर त्यात त्या बाईच्या वाट्याला काय आलं असेल, हे कोणी विचारत नाही. मला निदान जिलबी मिळाली. तिला कोण विचारतंय?

जेवणाच्या रांगेत बाळाची मावशी येऊन कानात म्हणाली, "माझ्या जाऊबाईंच्या नातवाला एक हत्ती कर ना, तुझं काय, बसल्या बसल्या होतं. लोकर मी देईन हं." हत्तीला चार पाय, दोन कान, एक सोंड आणि एक धड. म्हणजे प्रत्येकाची वेगळी सुरुवात आणि प्रत्येकाचं वेगळं बूड. लोकर ती देणार.

मी हसून पुलावाकडे वळले, तर मागून काका आलेच. चिमणी अजून त्यांच्याच हातात.

"करून दे गं तिला," ते म्हणाले. "फक्त एक भोक ठेव. तपासणीला बरं पडतं."