फुकटचं वर्ष संपलं आणि पैसे कटायला लागले

ग्राहक: "गेल्या दिवाळीत इथनं फिटनेस बँड घेतला. 'एक वर्ष प्रीमियम फ्री' म्हणाले. वर्ष संपल्यापासून महिन्याला ९९ रुपये कटतायत. ॲप काढून टाकलं, तरी परवा परत कटले. प्ले स्टोअरमध्ये बघितलं तर एकही सबस्क्रिप्शन दिसत नाही. शुद्ध फसवणूक."

दुकानाकडून उत्तर:

नमस्कार सर. बिल काढून बघितलं आणि बँड जोडून देणाऱ्या आमच्या पोरालाही विचारलं. फसवणूक हा शब्द मला मान्य नाही, पण चूक आमची आहे. प्लॅन चालू करताना तुम्ही यूपीआय पिन टाकलात. फुकट आहे तर पिन कशाला, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तो पिन पुढच्या ऑटोपेच्या परवानगीसाठी होता, आणि पोरगा "टाका की सर" म्हणून मोकळा झाला.

ॲप काढल्यानं फक्त फोनमधली जागा रिकामी होते. प्लॅन गूगलच्या खात्यावर असतो, त्यामुळे बँड कपाटात पडला तरी पैसे कटतात.

तुम्हाला सबस्क्रिप्शन का दिसत नाही, ते सांगतो. तुमच्या फोनवर दोन जीमेल आहेत, एक तुमचा आणि एक मुलाचा. बँड जोडला मुलाच्या जीमेलवर, आणि प्ले स्टोअर तुमच्या जीमेलवर उघडतंय. उजव्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबा आणि दुसरा जीमेल निवडा. मग त्याच फोटोवर परत दाबून `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions`. तिथं बँडच्या ॲपचं नाव दिसेल. ते उघडून `Cancel subscription` दाबा. मधे कारण विचारतील, काहीही निवडा, पण शेवटपर्यंत जा. अर्ध्यात परत फिरलात तर काहीच रद्द होत नाही. झालं की कुठल्या तारखेपर्यंत प्लॅन चालेल ते तिथंच दिसतं. भरलेल्या महिन्याचे दिवस वाया जात नाहीत.

यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेत जाऊन मँडेट, म्हणजे पिन टाकून दिलेली ती परवानगी, रद्द केला तरी पैसे थांबतात. पण मग प्लॅन पैसे मिळाले नाहीत म्हणून अडकून राहतो आणि आठवणीचे मेल येत बसतात. म्हणून आधी प्ले स्टोअर, मग मँडेट. बँकेचा मेसेज पैसे कटायच्या किमान २४ तास आधी येतो. तुमचा आला असणार, पण असल्या मेसेजांच्या गर्दीत कुणाचं लक्ष जातं?

परवाचे ९९ परत मिळतील का, तर लगेच बघा. गूगलकडे परतावा मागायचा तर पैसे कटल्यापासून ४८ तासांच्या आत मागितलेला बरा. त्यानंतर बँडच्या कंपनीलाच लिहावं लागतं. आमच्याकडे यातला एक रुपयाही येत नाही, त्यामुळे आम्हाला तो परत करता येत नाही.

प्रीमियम गेल्यावर पावलं, नाडी, झोपेचे तास दिसत राहतील, फक्त सविस्तर अहवाल जातील. त्यासाठी ॲप परत टाकून त्याच जीमेलनं उघडा.

जमत नसेल तर फोन घेऊन शहापूरच्या दुकानात या. मुलाला फोन लावून त्याचा पासवर्ड मात्र विचारून ठेवा, खातं मधेच पासवर्ड मागतं. आता आम्ही बिलामागं जीमेल आणि वर्ष संपायची तारीख पेनानं लिहून देतो.