वेगळा जार कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

“अगं, हे जरा अतीच होतंय. आमच्याकडे एकच मिक्सर, सगळी भांडी उकळत्या पाण्याने धुतो. भांडं स्वच्छ असलं की झालं. कुटासाठी वेगळा जार म्हणजे नुसता खर्च.”

काकू, उकळत्या पाण्याने जंतू मरतात, पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दाण्यातल्या प्रोटीनची असते आणि ते भाजून, उकळूनही टिकतं. साबण लावून, घासून ते भांड्यावरून काढूनच टाकावं लागतं. आणि मिक्सरच्या जारमध्ये नेमकं घासायलाच हात पोचत नाही.

ऐरोलीला आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो, एकीला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मागच्या चतुर्थीला मी खिचडीसाठी कूट केलं, जार साबणाने धुतला, वर गरम पाणी ओतलं, अगदी चकचकीत दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्यातच ओल्या खोबऱ्याची चटणी केली. दोन घासांत तिचे ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, मग उलटी. डॉक्टरांनी शिकवलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन तिच्याकडे असतं, ते लगेच मांडीत दिलं आणि रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. ती बरी आहे, पण माझे हात रात्रभर थरथरत होते.

नंतर मी त्या जारचं पातं खोललं. खाली वायसरच्या कडेने पिवळट, तेलकट थर बसलेला, झाकणाच्या रबरी रिंगमध्येही तसाच. एका दाण्यात साधारण पाव ग्रॅम प्रोटीन असतं आणि काही जणांना त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही त्रास होतो, मग तो थर म्हणजे किती झालं बघा. म्हणून कुटाचा जार वेगळा, त्याला लाल टेप, आणि त्याची घासणीसुद्धा वेगळी, कारण कुटाच्या भांड्यावर फिरवलेली घासणी तेच पुढच्या ताटाला लावते.

पण खरी चोरवाट चमच्याची. कुटाच्या डब्यातला चमचा घाईत मिसळणाच्या डब्यात जातो, आणि हळद-तिखट काही धुता येत नाही. आम्ही तो अख्खा डबा रिकामा करून नव्याने भरला, वाईट वाटलं पण इलाज नव्हता. आता तिचा मसाला वेगळ्या बाटल्यांत असतो, तिची भाजी आधी होते, आणि कूट शेवटी, थेट आमच्या ताटात पडतं. दाण्याला हात लागला तर साबणाने धुवायचा, सॅनिटायझरने प्रोटीन निघत नाही. दुधाच्या अ‍ॅलर्जीलाही हाच हिशोब, फक्त तिथे साजूक तुपाची फोडणीसुद्धा चालत नाही कारण तुपात दुधाचं प्रोटीन थोडं उरतंच.

तुमच्या घरी कुणालाच अ‍ॅलर्जी नसेल तर एकच मिक्सर ठेवा, त्यात काहीच चूक नाही. पण अ‍ॅलर्जी असलेलं कुणी जेवायला येणार असेल, तर त्या दिवशी त्यांची चटणी मिक्सरला लावू नका, स्वच्छ घासलेल्या स्टीलच्या किसणीवर खोबरं किसून करा, आणि मीठ-मसाला नव्या पाकिटातलाच घ्या.